शितावरून भाताची परीक्षा केव्हा चुकते?



गारखेड्यासारख्या वस्तीत वसंत ऋतूतील संध्याकाळी इतकी मंडळी संख्याशास्त्रावरचे भाषण ऐकावयास जमली, ह्यावरून ‘गारखेड्याच्या लोकांना गणिताची फार गोडी आहे’ असे कोणी उद्याच्या वर्तमानपत्रात छापले, तर आपण हसाल. ज्यांना गोडी नाही ते घरीच राहिले, हे सांगावयास कोणी शास्त्रज्ञ नको. पण हीच चूक आकड्यांचा पोशाख घालून आली की तिला हसावयाचे आपल्याला सुचत नाही, उलट तिला आपण मान देतो. आजचे माझे बोलणे ह्या एका चुकीपुरतेच आहे.

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण खरी आहे. पातेले मोठे असो की लहान, एक दोन शिते दाबून पाहिली की पुरे होते. लग्नघरच्या हंड्यासाठी कोणी शंभर शिते दाबीत बसत नाही. मात्र त्या म्हणीत एक अट न सांगता गृहीत धरलेली आहे. भात खालीवर झालेला असला पाहिजे, किंवा शीत हाताला लागेल तिथून न घेता हंड्याच्या पोटातून घेतले पाहिजे. तळाला करपलेला आणि वर कच्चा राहिलेला भात असेल, तर वरची मूठभर शिते काय आणि परातभर शिते काय, सारखेच खोटे सांगतील. मोंढ्यातला अडत्या हे चांगले जाणतो. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यांकडे तो पाहत नाही, तो पोकळ लोखंडी सळई पोत्याच्या मध्यात खुपसतो आणि तिच्यातून आलेले पसाभर दाणे तळहातावर घेतो. वरचे दाणे विकणाऱ्याने दाखविलेले असतात, सळईतले दाणे कोणी निवडलेले नसतात. संख्याशास्त्रातील यदृच्छ नमुना म्हणजे हीच सळई होय. नमुन्याला असा एकीकडे झुकाव येतो, त्याला शास्त्रीय मराठीत ‘अभिनती’ म्हणतात. मी आज ‘कल’ एवढाच शब्द वापरीन.

आता आपल्या घरचा प्रश्न घेऊ. पाण्याचा प्रश्न ह्या शहराला नवा नाही. नळाला पाणी किती दिवसांआड येते, किती वेळ येते, वरच्या मजल्यावर चढते की नाही, ह्यावर इथे चार माणसे जमली की बोलणे होतेच. समजा, एखाद्या उत्साही मंडळाने ठरविले की ह्याची मोजदाद करावयाची. त्यांनी एक पत्रक छापले, चौकाचौकांत ठेवले, मोबाइलवरही पाठविले आणि ज्यांना इच्छा असेल त्यांनी भरून द्यावे असे आवाहन केले. आकडे मी सोयीसाठी कल्पून घेतो. वस्तीत २० हजार घरे आहेत. त्यांतल्या ८ हजार घरांना पाण्याचा खरोखर जाच आहे, म्हणजे शंभरात ४०. उरलेल्या १२ हजार घरांचे बरे चालले आहे.

पत्रक कोण भरील? ज्याची टाकी रिकामी आहे तो भरील. ज्याची भरलेली आहे तो म्हणेल, पाहू उद्या. म्हणून असे धरू की जाच असलेल्यांपैकी दोनांत एकाने पत्रक भरले आणि बरे चाललेल्यांपैकी सहांत एकाने. पहिल्यांची पत्रके ४ हजार झाली, दुसऱ्यांची २ हजार. एकूण ६ हजार पत्रके आली, आणि त्यांवरून उत्तर निघाले की शंभरात ६७ घरांना जाच आहे. खरा आकडा ४० आहे.

मंडळातला कोणी शंकेखोर म्हणेल की ६ हजार अपुरे पडले असतील, आणखी जोर लावू. पुन्हा फेऱ्या काढल्या, ध्वनिवर्धक फिरविले, आणि पत्रके दुप्पट झाली. जाच असलेल्या आठही हजार घरांनी भरून दिले, इतरांपैकी ४ हजारांनी. आता १२ हजार पत्रके हातात आहेत, निम्म्याहून अधिक वस्ती बोलली आहे, आणि उत्तर पुन्हा तेच, ६७! पत्रके दुप्पट झाली, पण चूक तिळभरही हलली नाही. कारण चूक संख्येच्या अपुरेपणातून आलेली नव्हती, एक गट दुसऱ्याच्या तिप्पट प्रमाणात आत येत होता त्यातून आली होती, आणि ती तिप्पट तशीच राहिली. वाढले ते एवढेच, की आता ह्या चुकीच्या आकड्यावर अधिक लोकांचा विश्वास बसेल.

उलट बाजूला कोणी चिठ्ठ्या टाकून केवळ ४०० घरे निवडली आणि त्या सर्वांना विचारले, तर उत्तर हुबेहूब ४० येणार नाही. नशिबाने ३७ येईल, ४३ येईल. पण गणित असे सांगते की अशा शंभर पाहण्या केल्या तर सुमारे ९५ पाहण्यांत उत्तर ३५ ते ४५ ह्यांच्या दरम्यान पडेल. १०० घरे घेतली तर हे अंतर दोन्ही बाजूंना दहा दहा होते, १,६०० घेतली तर अडीच अडीच. म्हणजे नशिबाची चूक मोजता येते आणि नमुना चौपट केला की निम्मी करता येते. कलाची चूक मात्र आतून मोजताही येत नाही आणि पत्रके वाढवून कमीही होत नाही.

ह्या चुकीचे सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेतील १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीचे. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठविल्या आणि जवळजवळ २४ लाख परत आल्या. त्यांवरून त्यांनी सांगितले की लँडन ह्यांना दोघांतील मतांपैकी शंभरात ५७ मिळतील आणि रूझवेल्ट पडतील. प्रत्यक्षात रूझवेल्टना शंभरात सुमारे ६१ मते पडली आणि लँडनना दोनच राज्ये मिळाली. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. जॉर्ज गॅलप ह्या गृहस्थांनी मतपत्रिका टपालात पडण्यापूर्वीच, डायजेस्टचे उत्तर काय येईल हे जाहीर केले होते. ह्यासाठी त्यांनी तशाच याद्यांतून सुमारे तीन हजार माणसे घेऊन त्यांना पत्रे धाडली होती. २४ लाखांची चूक तीन हजारांत आधीच दिसत होती! गॅलप ह्यांची स्वतःची पद्धतही निर्दोष नव्हती, १९४८ साली ट्रूमन ह्यांच्या निवडणुकीत तीही फसली. पण तो विषय वेगळा.

पुस्तकांत ह्या गोष्टीचे कारण असे सांगतात की डायजेस्टच्या याद्या दूरध्वनी आणि मोटारी बाळगणाऱ्यांच्या होत्या, म्हणून त्यांत गरीब मतदार नव्हते. ते खरे आहे, पण अर्धेच. पुढे अभ्यासकांनी १९३७ मधील एका पाहणीची उत्तरे पुन्हा तपासली, तेव्हा असे दिसले की ज्यांना मतपत्रिका मिळाल्या होत्या त्यांच्यातही बहुमत रूझवेल्टकडेच होते. ज्यांनी त्या भरून परत पाठविल्या, ते मात्र लँडनकडे झुकलेले होते. म्हणजे यादीत चूक होतीच, पण त्याहून मोठी चूक उत्तर कोण पाठवितो ह्यात होती. ह्या दोन दारांनी कल आत येतो: यादीच्या दाराने आणि उत्तराच्या दाराने. पहिल्या दाराकडे सर्वांचे लक्ष असते, दुसऱ्याकडे थोड्यांचे.

आता मराठवाड्यात येऊ. २०२० च्या मेमध्ये करोनाच्या टाळेबंदीत आपण सारे घरी बसलो होतो, तेव्हा रोज संध्याकाळी आकडे ऐकू येत. मेच्या मध्यापर्यंत देशात वीस लाखांच्या आसपास चाचण्या झाल्या होत्या आणि बाधितांची संख्या ८० हजारांच्या आसपास होती. शंभरात चार. वीस लाख हा काही लहान नमुना नव्हे. पण ह्या वीस लाखांत कोण होते? ज्यांना ताप-खोकला होता ते, बाधितांच्या सहवासात आलेले, बाहेरगावाहून आलेले, दवाखान्यात काम करणारे. चाचणी त्यांचीच व्हावयास हवी होती, त्यात कोणाची चूक नाही. पण त्या आकड्यावरून देशात किती जणांना संसर्ग झाला हे काढू गेले, तर दोन्हींकडून फसावयास होते. ‘शंभरात चार’ हे प्रमाण सर्व जनतेला लावले तर आकडा फार मोठा होतो. ८० हजार हीच एकूण संख्या धरली तर फार लहान होतो. एकाच ढिगातून एक अतिशयोक्ती आणि एक न्यूनोक्ती निघते.

ह्याच सुमारास, ११ मे ते ४ जून ह्या काळात, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने एक पाहणी केली. तिची मांडणी पाहण्यासारखी आहे. देशातील जिल्ह्यांचे, तोवर सापडलेल्या रुग्णांच्या प्रमाणावरून, चार गट पाडले आणि त्यांतून ७० जिल्हे निवडले. मराठवाड्यातले बीड, परभणी आणि नांदेड त्यांत होते, आपला जिल्हा नव्हता. प्रत्येक जिल्ह्यात दहा गावे किंवा शहरी प्रभाग निवडले. प्रत्येक ठिकाणी ४० माणसे, आणि एका घरातून १८ वर्षांवरील एकच व्यक्ती. म्हणजे जिल्ह्यामागे ४००. ‘कोणाला रक्त द्यावयाचे आहे?’ असे विचारले नाही. दार ठरलेले, दारातले माणूसही ठरलेले. ३० हजारांहून थोड्या अधिक घरी पथके गेली आणि २८ हजार जणांनी रक्त दिले. टाळेबंदीच्या दिवसांत, अंगभर पोशाख चढवून आलेल्या अनोळखी माणसाला दहांतल्या नऊ घरांनी हात पुढे केला, ह्याचे मला आजही नवल वाटते.

त्या रक्तात प्रतिपिंडे किती जणांच्या आढळली? चाचणीच्या उणिवा हिशेबात घेऊन शंभरात ०.७३, म्हणजे हजारात सुमारे सात. ह्यावरून परिषदेने अंदाज केला की मेच्या आरंभापर्यंत देशात सुमारे ६४ लाख प्रौढांना संसर्ग होऊन गेला असावा, आणि सापडलेल्या प्रत्येक रुग्णामागे ८२ ते १३० जणांना संसर्ग झालेला होता. वीस लाख चाचण्यांना जे दिसणे शक्य नव्हते, ते २८ हजारांना दिसले.

इथे मला सावध केले पाहिजे, नाहीतर लहान यदृच्छ नमुना म्हणजे जादूची कांडी असे आपल्याला वाटेल. बीड जिल्ह्यातल्या ४०० माणसांचा विचार करा. हजारात सात, तर चारशेत तीन. बीडमध्ये एक सापडला आणि परभणीत पाच, तर परभणीत पाचपट साथ आहे असे म्हणता येईल काय? मुळीच नाही, तेवढा फरक नशिबाने सहज पडतो. सगळे ७० जिल्हे मिळून देशाबद्दल बोलता येते, एकट्या जिल्ह्याबद्दल नाही. दुसरे असे की शोधावयाची गोष्ट इतकी विरळ असली म्हणजे चाचणीची चूकच तिला गिळून टाकू शकते. चाचणीने हजारात सात निरोगी माणसांना चुकून होकार दिला, तर सारी साथ त्या चुकीतच मावते. म्हणून पहिल्या चाचणीत होकार आलेले नमुने दुसऱ्या संचाने पुन्हा तपासण्यात आले. नमुना निर्दोष असला तरी माप सदोष असू शकते, ही गोष्ट वेगळी ठेवून पाहिली पाहिजे.

आता आपण विचाराल, की ऐच्छिक नमुन्याला कल आहे हे ओळखावे कसे? आतल्या आत पाहून ओळखता येत नाही. एकच खात्रीचा उपाय आहे: ज्याचे खरे उत्तर दुसरीकडून माहीत आहे असा एक प्रश्न त्याच पाहणीत घालावयाचा. अमेरिकेत २०२१ साली ही संधी आपोआप आली. फेसबुकच्या मार्फत तिथे दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांची पाहणी होत असे, आणि तुम्ही लस घेतली काय हा तिच्यात एक प्रश्न होता. निमंत्रणे यदृच्छ पाठविली जात, पण उत्तर देणारे शंभरात एखादाच. लस खरोखर किती जणांनी घेतली, हे सरकारी नोंदीवरून नंतर स्पष्ट झाले. मे महिन्यात पाहणीचा आकडा खऱ्या आकड्याहून १७ अंशांनी फुगलेला निघाला. त्याच काळात हजारेक माणसांची, काळजीपूर्वक निवडलेली एक पाहणी खऱ्याच्या जवळ होती. ह्या विषयाच्या अभ्यासकांनी हिशेब करून दाखविले की त्या अडीच लाख उत्तरांची किंमत एप्रिलच्या मध्याला दहा यदृच्छ माणसांएवढी होती! अडीच लाखांचे दहा झाले. आणि अडीच लाखांवर काढलेली ‘नशिबाची चूक’ इतकी बारीक दिसते, की वाचणारा निःशंक होतो.

तर मग आपल्या गारखेड्यात पाण्याची पाहणी खरोखर करावयाची झाली, तर कशी करावी? पहिली अडचण यादीची. मालमत्ता कराची यादी घेतली तर भाडेकरू त्यात दिसत नाहीत, आणि गुंठेवारीतली जी घरे नोंदीत आलेली नाहीत ती सुटतात. तिथेच पाण्याची अवस्था वेगळी असण्याचा संभव. मतदारयादी घेतली तर बाहेरगावचे विद्यार्थी आणि नवे आलेले कामगार सुटतात. म्हणून कंटाळवाणे असले तरी गल्लोगल्ली हिंडून, दारावर खडूने क्रमांक घालीत, स्वतःची घरयादी करणेच बरे.

मग २० हजार घरांतून ४०० घ्यावयाची, म्हणजे दर पन्नासावे घर. १ ते ५० मधली एक चिठ्ठी उचलावयाची आणि तिथून पन्नास पन्नास मोजीत जावयाचे. सोपे दिसते, पण इथे एक खड्डा आहे. समजा, एका बाजूला सगळ्या इमारती दहा दहा सदनिकांच्या आहेत आणि चिठ्ठी दहाची निघाली. मग दहावे, साठावे, एकशे दहावे, असे प्रत्येक वेळी शेवटच्या मजल्यावरचेच घर हाती येईल, जिथे पाणी सर्वांत उशिरा चढते. चिठ्ठी यदृच्छ होती, तरी पाहणी त्या एका चिठ्ठीवर लटकली. उपाय साधा आहे. पन्नासाच्या जागी सत्तेचाळीसचे अंतर घ्यावे, म्हणजे मजले आपोआप बदलत जातात. घरे सुमारे ४२५ होतील, एवढेच.

खरी परीक्षा ह्यापुढे आहे. सकाळी अकराला जाल, तर दार उघडणारे बहुधा निवृत्त गृहस्थ किंवा घरी असलेल्या बाई असतील. वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या जोडप्याच्या दाराला कुलूप असेल. पाणी सकाळी आले तर ते भरावयासही त्या घरात कोणी नसते, म्हणजे नेमका जाच तिथेच. पाहणी करणाऱ्या मुलाला मोह होतो की शेजारचे दार उघडे आहे, तिथे विचारून घ्यावे. तो मोह आवरावयास त्याला आधीच बजावले पाहिजे. शेजारचे घर घेतले की चिठ्ठीने केलेली निवड मोडली आणि घरी असणाऱ्यांनी स्वतःची निवड केली. कुलूप असेल तर संध्याकाळी जावे, मग रविवारी जावे, आणि तिसऱ्या खेपेसही कुलूपच असेल तर वहीत ‘उत्तर नाही’ असे लिहावे. दुसरे काही लिहू नये.

शेवटी हिशेब मांडू. ४२५ घरांपैकी ३८० घरांनी उत्तर दिले, त्यांत १५२ घरांनी जाच सांगितला, म्हणजे शंभरात ४०. उरली ४५ घरे, त्यांचे काय? वाईटात वाईट धरून पाहावे. त्या सर्वांना जाच असेल तर ४२५ पैकी १९७, म्हणजे शंभरात ४६. एकालाही नसेल तर शंभरात ३६. नशिबाची चूक ह्याच्या दोन्ही टोकांना आणखी जोडावयाची, ती निराळी. तरी मुक्या दारांमुळे आपले अज्ञान एवढ्याच दहा अंशांत बसते.

हीच कसोटी त्या ६ हजार पत्रकांना लावा. मुकी घरे १४ हजार आहेत. त्यांतल्या एकालाही जाच नसेल तर २० हजारांत ४ हजार, म्हणजे शंभरात २०. सर्वांना असेल तर शंभरात ९०. सहा हजार पत्रकांचा गठ्ठा घेऊन मंडळ महानगरपालिकेत गेले आणि टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने ‘बाकीच्या चौदा हजारांचे काय?’ एवढेच विचारले, तर त्या गठ्ठ्यात उत्तर नाही. चारशे घरांच्या वहीत, तीन तीन खेपांच्या तारखांसह, ते लिहिलेले असेल.